ग्राफिक्स कार्डाविना मराठी श्रुतलेखन

व्याख्यानमालेतलं चाळीस मिनिटांचं एक भाषण फोनवर रेकॉर्ड केलेलं आहे आणि स्मरणिकेसाठी ते मजकुरात हवं आहे, असं धरू. हाताशी चार कोअरचा, ८ जीबी रॅमचा, पाच-सहा वर्षं वापरलेला लॅपटॉप आहे. ग्राफिक्स कार्ड नाही आणि ध्वनिफीत कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर पाठवायची तयारीही नाही. आज हे काम घरच्या घरी होतं. प्रश्न इतकाच, की मॉडेल कोणत्या आकाराचं घ्यायचं. बहुतेक जण ‘रॅममध्ये मावेल तेवढं मोठं’ असं उत्तर देतात. इंग्रजीसाठी ते फारसं चुकत नाही, मराठीसाठी मात्र चुकतं.

ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये ‘व्हिस्पर’ हे वाक्-ओळख मॉडेल एमआयटी परवान्याखाली खुलं केलं. कंपनीचा मूळ पायथन कार्यक्रम नुसत्या प्रोसेसरवर रखडत चालायचा. बल्गेरियाच्या गेऑर्गी गेर्गानॉव यांनी तोच हिशोब सी आणि सी++मध्ये नव्याने लिहिला, तो `whisper.cpp`. दुसरी वाट `faster-whisper` ही. तिच्या कर्त्यांनी दिलेल्या मोजमापात डेस्कटॉपच्या दमदार आय-सेव्हन प्रोसेसरवर तेरा मिनिटांच्या ध्वनिफितीला स्मॉल मॉडेल घेऊन मूळ कार्यक्रमाला सुमारे सात मिनिटं लागली. `whisper.cpp`ला दोन मिनिटांच्या आसपास लागली आणि `faster-whisper`ला आठ-बिटी आकड्यांवर त्याहूनही थोडी कमी. मॉडेल एकच आणि यंत्रही एकच होतं. तेव्हा लॅपटॉप बदलण्याआधी कार्यक्रम बदलून पाहावा.

व्हिस्परचे आकार टायनी, बेस, स्मॉल, मीडियम आणि लार्ज असे चढत जातात. टायनीत ३.९ कोटी पॅरामीटर आहेत, स्मॉलमध्ये २४.४ कोटी, मीडियममध्ये ७६.९ कोटी आणि लार्जमध्ये १५५ कोटी. २०२४मध्ये यात ‘टर्बो’ आलं, सुमारे ८१ कोटींचं. `whisper.cpp`मध्ये चालताना स्मॉलला जेमतेम ८५० एमबी रॅम लागते, मीडियमला दोन जीबीच्या वर आणि लार्जला चार जीबीच्या जवळपास. म्हणजे आपल्या आठ जीबीत लार्जही बसतं, फक्त ब्राउझरचे वीस टॅब बंद करावे लागतात. रॅम संपून यंत्र डिस्कवर उतरलं, की काम मिनिटांवरून तासांवर जातं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर निवांत आणि डिस्क शंभर टक्के दिसली, तर तेच झालंय हे ओळखावं.

वेळ कुठे जातो हे पाहायचं तर व्हिस्परचे दोन भाग वेगळे करावे लागतात. ध्वनिफीत तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत घेतली जाते. एन्कोडर हा भाग तुकडा ऐकतो आणि डिकोडर ऐकलेलं अक्षरबद्ध करतो. एन्कोडरचं काम ठरलेलं असतं. तुकड्यात चार सेकंदांचं बोलणं असो वा तीसचं, तो पूर्ण तीस सेकंदांचाच हिशोब करतो. हा हिशोब कागदावर मांडता येतो: स्मॉलला एका तुकड्यासाठी साधारण ०.३४ लाख कोटी क्रिया, मीडियमला १.१ आणि लार्जला २.३. म्हणजे स्मॉलच्या मानाने मीडियम तिप्पट आणि लार्ज जवळजवळ सातपट. आपला लॅपटॉप सेकंदाला प्रत्यक्षात दहा हजार कोटी क्रिया करतो असं धरलं, तर नुसत्या ऐकण्याला अनुक्रमे साडेतीन, अकरा आणि तेवीस सेकंद होतात.

डिकोडरचं दुखणं निराळं आहे. तो मजकूर टोकन या छोट्या तुकड्यांत लिहितो आणि प्रत्येक टोकनासाठी आपले सगळे आकडे रॅममधून पुन्हा वाचतो. तिथे प्रोसेसरची ताकद थोडी बाजूला राहते आणि रॅमचा वेग आडवा येतो. सेकंदाला वीस जीबी वाचणाऱ्या यंत्रावर दोनशे टोकन लिहायला स्मॉलला सुमारे तीन सेकंद लागतील, मीडियमला नऊ, लार्जला अठरा. टर्बोला मात्र साडेतीनच, कारण त्यात लार्जच्या डिकोडरच्या बत्तीस थरांऐवजी चारच ठेवले आहेत. एन्कोडर तो जुनाच, पूर्ण लार्जचा. म्हणून ‘टर्बो अनेक पट वेगवान’ हे ग्राफिक्स कार्डवाल्यांचं वाक्य आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही. ऐकण्याचे तेवीस सेकंद कमी होतच नाहीत.

चाळीस मिनिटांच्या भाषणाचे ऐंशी तुकडे पडतात. वरच्या आकड्यांवरून स्मॉलला नऊ मिनिटं, मीडियमला सत्तावीस, टर्बोला पस्तीस-छत्तीस आणि लार्जला पंचावन्न असा अंदाज निघतो. `whisper.cpp` मुळात एकाच वेळी पाच पर्यायी वाक्यं तोलत लिहितो, म्हणून लिहिण्याचा वेळ याहून वाढतो. पातळ लॅपटॉप पाच-दहा मिनिटांत तापून वेग उतरवतो, ते वेगळंच. यंत्रागणिक आकडे बदलतील, पण आकाराआकारांतलं प्रमाण साधारण हेच राहील.

आता मराठी. व्हिस्परच्या पहिल्या आवृत्तीला ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकवलं होतं. त्यातला मराठी आवाज आणि त्याचा मराठी मजकूर अशा जोडीचा वाटा एका तासाहूनही कमी होता. हिंदीचा बारा तासांच्या आसपास. मराठी आवाज आणि इंग्रजी अनुवाद अशी जोडी मात्र शेकडो तासांची होती. भाषा न सांगता मॉडेल चालवलं, की मराठी भाषणाचा धड ना मराठी, धड ना इंग्रजी असा गोषवारा हाती येतो, त्याचं मूळ इथे आहे. २०२३च्या नोव्हेंबरात आलेल्या लार्जच्या तिसऱ्या आवृत्तीला पन्नास लाख तासांच्या घरातला ध्वनी मिळाला. त्यातला मोठा भाग दुसऱ्या आवृत्तीनेच लिहून दिलेल्या मजकुराचा होता.

त्यात लिपीचा प्रश्न आहे. व्हिस्परची टोकनांची यादी इंग्रजीला सोयीची आहे. इंग्रजीतला नेहमीचा शब्द एका टोकनात उरकतो, तर ‘स्वातंत्र्यानंतरच्या’सारख्या शब्दाचे कितीतरी तुकडे पडतात. तेवढं बोलणं लिहायला डिकोडरला अनेक पट फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून त्याच लॅपटॉपवर मराठी इंग्रजीपेक्षा हळू चालते. शिवाय एका तीस-सेकंदी तुकड्यात साधारण सव्वादोनशे टोकनांच्या पुढे मॉडेल लिहीतच नाही. संथ वक्त्याचं त्यात भागतं. पण धाडधाड बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच तुटू शकतं आणि पुढचा मजकूर थेट नंतरच्या वाक्याने सुरू होतो. वाचताना विषय अचानक उडी मारतोय असं वाटलं, की वेळखुणा पाहाव्यात. दोन खुणांमध्ये वीस-पंचवीस सेकंद आणि मजकूर मात्र एका ओळीचा असला, तर काहीतरी गळलेलं असतं.

म्हणून मराठीसाठी आकाराच्या आधी, हे मॉडेल नंतर मराठीवर कोणी शिकवलं का, हे विचारावं. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ गटाने २०२३मध्ये ‘इंडिकव्हिस्पर’ प्रसिद्ध केलं. व्हिस्परलाच बारा भारतीय भाषांच्या दहा हजारांहून अधिक तासांवर पुन्हा शिकवलेलं, आणि त्यात मराठी आहे. माझं मत असं, की मराठीवर शिकवलेलं मीडियम हाताशी असेल तर मूळ लार्जसाठी लॅपटॉप तापवू नये. मूळ टायनी, बेस आणि स्मॉल मराठीसाठी विसरून जावीत. ती चुकलेला शब्दही देवनागरीत टापटीप लिहितात, त्यामुळे मजकूर लांबून बरा दिसतो आणि वाचायला घेतला की कळतं.

प्रत्यक्ष काम थोडक्यात असं. विंडोजसाठी `whisper.cpp`चा तयार संच झिपमध्ये मिळतो, लिनक्सवर तो स्वतः बांधायचा. ध्वनिफीत आधी १६ किलोहर्ट्झच्या एकेरी वेव्ह फाइलमध्ये बदलावी. मग पूर्ण भाषण न लावता मधलीच तीन मिनिटं घ्यावीत, कारण सुरुवातीला स्वागत आणि माइकची खरखर असते. खालच्या आज्ञा लिनक्सवरच्या आहेत.

```
ffmpeg -i bhashan.m4a -ar 16000 -ac 1 -c:a pcm_s16le bhashan.wav
sh ./models/download-ggml-model.sh large-v3-turbo-q5_0
./build/bin/whisper-cli -m models/ggml-large-v3-turbo-q5_0.bin \
  -l mr -t 4 -ot 600000 -d 180000 -f bhashan.wav -osrt
```

यातलं `-l mr` विसरलं तर कार्यक्रम भाषा इंग्रजी धरून चालतो. `-ot` आणि `-d` मिलिसेकंदांत आहेत, म्हणजे दहाव्या मिनिटापासून तीन मिनिटं. `-t` हा आकडा खऱ्या कोअरइतकाच ठेवावा. विंडोज दाखवतं ते ‘लॉजिकल प्रोसेसर’ आठ असले तरी आठ दिल्याने सहसा वेग वाढत नाही, कधी उलट घटतो. नावातलं `q5_0` म्हणजे आकडे सोळा बिटांऐवजी पाचाच्या आसपास बिटांत आवळलेले. टर्बोची दीड जीबीची फाइल त्यामुळे साडेपाचशे एमबीत येते आणि डिकोडरला वाचायला कमी उरतं. एन्कोडरला फायदा कमीच. अचूकता किंचित घसरते, पण आवळलेलं मीडियम हे न आवळलेल्या स्मॉलपेक्षा केव्हाही बरं. मराठीवर शिकवलेलं मॉडेल बहुधा वेगळ्या साच्यात मिळतं. ते `convert-h5-to-ggml.py` या सोबतच्या छोट्या कार्यक्रमाने बदलून घ्यावं लागतं. `faster-whisper`साठी तेच काम `ct2-transformers-converter` करतो.

काम संपलं की पडद्यावर `encode time`, `decode time` आणि `batchd time` असे आकडे येतात. पहिला ऐकण्याचा, पुढचे दोन लिहिण्याचे; पाच पर्याय तोलत लिहिण्याचा वेळ मुख्यतः `batchd time`मध्ये दिसतो. `encode time` फार मोठा असेल तर आवळून विशेष साधणार नाही, आकार खाली आणावा लागेल. लिहिण्याचे आकडे मोठे असतील तर आवळलेली फाइल किंवा टर्बो कामी येईल.

मग तीन मिनिटांचा मजकूर आणि ध्वनी समोरासमोर ठेवून चुकलेले, गळलेले आणि घुसडलेले शब्द मोजावेत. समजा वक्ता तीन मिनिटांत तीनशे तीस शब्द बोलला. पस्तीस शब्द चुकले असतील तर दर दहा शब्दांमागे एक दुरुस्ती, म्हणजे मजकूर नुसता तपासून होईल. शंभर चुकले तर जवळपास प्रत्येक वाक्य पुन्हा ऐकावं लागेल. चांगलं टंकन येणाऱ्याने तिथे मॉडेलचा नाद सोडावा. घुसडलेले शब्दही मोजायचे असल्यामुळे चुकांचा हिशोब शंभर टक्क्यांच्या वरही जाऊ शकतो. छोट्या मॉडेलांचं असं होतं.

मोजताना चुकांची जात पाहावी. ‘वेळ’चं ‘वेल’, ‘आहे’च्या जागी ‘है’, ही हिंदीची ओढ झाली. मराठीवर शिकवलेल्या मॉडेलने ती कमी होते, आकार वाढवून तितकी होत नाही. गावांची आणि माणसांची नावं चुकत असतील तर ती `--prompt`मध्ये आधीच लिहून द्यावीत. एकच वाक्य पाच-सहा ओळी उमटत राहिलं तर मॉडेल अडकलंय. आधीचा मजकूर पुढे नेण्याची सवय `-mc 0`ने बंद केली की ते बहुतेकदा सुटतं. टाळ्या चालू असताना किंवा वक्ता पाणी पीत असताना न बोललेली वाक्यं उमटली, तर शांतता वगळणारी छाननी लावावी. `whisper.cpp`मध्ये ती `--vad`ने चालू होते, तिच्यासाठी एक लहान मॉडेल वेगळं उतरवावं लागतं. `faster-whisper`मध्ये ते आतच असतं. या छाननीने निरर्थक तुकडे गळून वेळही वाचतो.

यापलीकडे, कोणतं बोलणं कोणाचं हे व्हिस्पर सांगत नाही. भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांत दोघं एकदम बोलले, तर एकाचं गाळून दुसऱ्याचं लिहितं किंवा दोघांचं मिळून तिसरंच वाक्य करतं. तेवढा भाग कानाने ऐकून हाताने लिहावा.