घोड्याच्या लाथा, बारा मुलं आणि पावसाची सरासरी

घोड्याची लाथ बसून किती सैनिक दगावले, याची नोंद प्रशियाच्या सैन्यात वर्षावर्षाला काटेकोरपणे ठेवली जात असे. या नोंदी लादिस्लाउस बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाच्या हाती आल्या आणि १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तिकेत त्याने त्यांचा हिशेब मांडला. १८७५ ते १८९४ ही वीस वर्षं आणि सैन्याच्या दहा तुकड्या, म्हणजे एकूण २०० 'तुकडी-वर्षं'. या २०० पैकी १०९ वेळा एकही मृत्यू झाला नव्हता. ६५ वेळा एक, २२ वेळा दोन, ३ वेळा तीन आणि एकदाच चार मृत्यू झाले होते. सगळे मिळून १२२.

एखाद्या तुकडीत एकाच वर्षी चार जण गेले की वरिष्ठ अधिकारी साहजिकच विचारणार, 'तिथे शिस्त ढिली पडली आहे का?' पण चौकशी लावण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. कोणाचीही चूक नसताना, निव्वळ योगायोगाने, असं वर्ष कितीदा उगवेल? याचं उत्तर देण्यासाठी संख्याशास्त्राकडे वेगवेगळे साचे आहेत. त्यांतले तीन सर्वांत जास्त वापरले जातात: द्विपद, प्वासाँ आणि प्रसामान्य म्हणजेच नॉर्मल वितरण. कुठल्या आकड्यांना कुठला साचा लावायचा, हे तो आकडा कसा जन्माला आला त्यावर ठरतं.

लाथांचा आकडा कसा तयार होतो ते पाहू. तुकडीत हजारो माणसं असतात, घोडे असतात आणि वर्षभर त्यांचा एकमेकांशी संबंध येतो. लाथ बसून मृत्यू झाला, तर तो मोजता येतो. पण लाथ बसू शकली असती आणि बसली नाही, असे प्रसंग किती आले, हे कोण मोजणार? म्हणजे इथे 'इतक्यांपैकी इतके' असं म्हणता येत नाही, फक्त 'एका वर्षात इतके' एवढंच म्हणता येतं. संधी अगणित, प्रत्येक संधीत धोका अगदी किरकोळ आणि एका मृत्यूचा दुसऱ्याशी संबंध नाही. अशा मोजणीसाठी प्वासाँ वितरण वापरतात. सिमेओं दनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या १८३७ च्या ग्रंथात त्याचं सूत्र आहे. तो ग्रंथ न्यायालयांच्या निकालांमधल्या संभाव्यतेवर लिहिलेला होता.

या साच्याला एकच आकडा पुरवावा लागतो, तो म्हणजे सरासरी. १२२ मृत्यू भागिले २०० तुकडी-वर्षं, म्हणजे ०.६१. एकही मृत्यू न होण्याची संभाव्यता सूत्राने अशी मिळते:

e^(-0.61) = 0.543

यातला e हा २.७१८ च्या जवळचा, गणितात ठरलेला स्थिरांक आहे. ०.५४३ ला २०० ने गुणलं की १०८.७ येतात. पुढची पायरी सोपी आहे. १०८.७ ला ०.६१ ने गुणलं की 'एक मृत्यू' असलेली वर्षं मिळतात, ६६.३. त्याला पुन्हा ०.६१ ने गुणून २ ने भागलं की 'दोन मृत्यू', २०.२. मग पुन्हा ०.६१ ने गुणून ३ ने भागायचं, त्यापुढे ४ ने. तीन मृत्यूंसाठी ४.१ आणि चारसाठी ०.६ मिळतात.

आता प्रत्यक्ष नोंद शेजारी ठेवून पाहा: १०९, ६५, २२, ३ आणि १. गणिताचे आकडे: १०८.७, ६६.३, २०.२, ४.१ आणि ०.६. चार मृत्यूंचं वर्ष वीस वर्षांत एखादं येणं हे नशिबाच्या नेहमीच्या चढउतारातच बसतं. तेवढ्यावरून कोणाला शिक्षा करावी, असं त्यात काही नाही.

आकडे जुळल्यासारखे दिसतात, एवढ्यावर मात्र संख्याशास्त्रज्ञ थांबत नाही. त्याच्याकडे एक झटपट कसोटी असते. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी घ्यायची. याला प्रचरण म्हणतात. आकडे किती पसरले आहेत, ते त्यावरून कळतं. प्वासाँ वितरणात प्रचरण आणि सरासरी सारखेच असतात. या दहा तुकड्यांचं प्रचरण काढलं तर तेही ०.६१ येतं.

इतकी चपखल जुळणी होण्यामागे एक कारण आहे. मूळ नोंदी चौदा तुकड्यांच्या होत्या. त्यांतल्या चार तुकड्यांची रचना इतरांपेक्षा वेगळी म्हणून बोर्टकिएविचने त्या बाजूला काढल्या. त्या परत मिसळल्या तर २८० तुकडी-वर्षांत १९६ मृत्यू होतात. सरासरी ०.७० येते, प्रचरण मात्र ०.७६ वर जातं. फरक छोटा आहे, पण त्याची दिशा बोलकी आहे. कमी धोक्याच्या आणि जास्त धोक्याच्या तुकड्या एकाच ढिगात टाकल्या की पसारा वाढतो, कारण एकच सरासरी सगळ्यांना लागू पडत नाही. प्रचरण सरासरीच्या दीडपट-दुप्पट झालेलं दिसलं, तर ढीग भेसळीचा आहे किंवा घटना एकमेकींना ओढून आणत आहेत, असं समजावं. घाटात एक बस दरीत कोसळली की एकदम वीस माणसं जातात. म्हणून रस्त्यावरच्या मृत्यूंना प्वासाँ सहसा लागू पडत नाही. अपघातांची संख्या मोजली तर तो बराच बरा बसतो.

आता दुसरा साचा. जर्मनीतल्याच सॅक्सनी राज्यातल्या जन्मांच्या नोंदी आर्टुर गाइस्लर याने १८८९ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतली ६,११५ कुटुंबं संख्याशास्त्राच्या पुस्तकांत वारंवार भेटतात, कारण त्या प्रत्येक कुटुंबातली बारा अपत्यं मोजलेली आहेत. त्यांत मुलगे किती, हा प्रश्न. इथे मोजणीला छत आहे: बारापैकी शून्य ते बारा, त्याहून जास्त नाहीच. प्रत्येक जन्माचे निकाल दोनच आणि 'मुलगा झाला नाही' हेही मोजता येतं. प्रयत्नांची संख्या ठरलेली, दर वेळची संभाव्यता सारखी आणि एका निकालाचा दुसऱ्यावर परिणाम नाही, या तीन अटी पाळल्या गेल्या की द्विपद वितरण लागू होतं.

या कुटुंबांत मुलग्यांचं प्रमाण ०.५१९ होतं. द्विपद वितरणाच्या हिशेबाने बाराही मुली असलेलं जेमतेम एक कुटुंब निघायला हवं होतं, निघाली तीन. बाराही मुलगे असलेली दोन-तीन अपेक्षित होती, निघाली सात. याउलट सात मुलगे आणि पाच मुली असलेली १,२६६ कुटुंबं अपेक्षित असताना प्रत्यक्षात १,११२ च होती. टोकं फुगलेली आणि मधला भाग दबलेला. द्विपद वितरणात प्रचरण म्हणजे प्रयत्नांची संख्या, यशाची संभाव्यता आणि अपयशाची संभाव्यता यांचा गुणाकार. इथे तो ३.०० येतो. प्रत्यक्ष प्रचरण ३.४९ आहे. म्हणजे 'संभाव्यता सारखी' आणि 'परिणाम नाही' या दोन अटींपैकी निदान एक तरी मोडते आहे. मुलगा होण्याची शक्यता घरोघर थोडी वेगळी असू शकते. शिवाय एकसारखी जुळी असली तर एका निकालाने दुसरा आपोआप ठरतो. कुटुंब एकेकटं पाहिलं तर हे दिसणार नाही. सहा हजार कुटुंबं एकत्र मांडल्यावरच ते उघडं पडतं.

तिसऱ्या साच्याचं, म्हणजे नॉर्मलचं, काम मोजणीपेक्षा मापनात जास्त असतं. उंची, छातीचा घेर, मोजमापातली चूक अशा राशी अपूर्णांकातही येतात आणि अनेक बारीकसारीक कारणांच्या बेरजेतून घडतात. बेल्जियमच्या अदॉल्फ केतले याने १८४६ मध्ये पाच हजारांहून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांना हा घंटेच्या आकाराचा आलेख लावला, तो याच कारणाने बसला. या साच्याला दोन आकडे द्यावे लागतात: सरासरी आणि प्रमाण विचलन, म्हणजे प्रचरणाचं वर्गमूळ. इथे पसारा सरासरीवरून ठरत नाही, तो वेगळा मोजावा लागतो.

सवयीने लोक कुठल्याही आकड्यांना नॉर्मल लावतात. लाथांच्या नोंदीला तो लावला तर काय होतं? सरासरी ०.६१ आणि प्रमाण विचलन ०.७८ धरून घंटा काढली, तर तिचा सुमारे २२ टक्के भाग शून्याच्या डावीकडे जातो. म्हणजे दर पाचातल्या एका वर्षी मृत्यूंची संख्या उणे! सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून पाहावी. उत्तर शून्याखाली गेलं आणि राशी शून्याखाली जाऊच शकत नसेल, तर घंटा बाजूला ठेवावी.

मोजणी मोठी झाली की मात्र हे भांडण मिटतं. समजा, एखाद्या तातडीच्या विभागात रोज सरासरी २५ रुग्ण येतात आणि ते एकमेकांशी संबंध नसलेल्या कारणांनी येतात. मोजणी प्वासाँची आहे, म्हणून प्रमाण विचलन २५ चं वर्गमूळ, म्हणजे ५. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा घेतले की शंभरातले पंचाण्णवच्या आसपास दिवस १५ ते ३५ रुग्णांच्या पट्ट्यात येतात. इथे प्वासाँच्या जागी नॉर्मल वापरला तरी उत्तर फारसं बदलत नाही. द्विपदाचंही तसंच आहे. यश आणि अपयश दोन्हींची अपेक्षित संख्या दहाच्या वर असेल, तर घंटा चालते.

देशभराच्या मान्सूनचा अंदाज वाचतानाही हे उपयोगी पडतं. १९७१ ते २०२० या काळातली जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे आणि प्रमाण विचलन तिच्या साधारण दहा टक्के. देशभरातल्या चार महिन्यांच्या पावसाची ती बेरीज, म्हणून तिला नॉर्मल बऱ्यापैकी लागू पडतो. त्यानुसार ९० टक्क्यांपेक्षा कमी पाऊस दर सहा वर्षांतून एकदा आणि हवामान खात्याच्या ९६ ते १०४ टक्के या 'सर्वसाधारण' पट्ट्यातला पाऊस तीन वर्षांतून एकदा अपेक्षित आहे.

एका गावाचा एका दिवसाचा पाऊस मात्र या साच्यात बसत नाही. बहुतेक दिवस शून्य किंवा थोडा आणि क्वचित एखादा दिवस अफाट, असा तो असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. दैनंदिन सरासरी आणि प्रमाण विचलन यांवरून नॉर्मलने हिशेब केला, तर असा दिवस जवळजवळ अशक्य ठरतो. रोजच्या पावसासाठी हवामानशास्त्रात गॅमासारखी एका बाजूला लांब शेपूट असलेली वितरणं वापरतात. पुलाची उंची किंवा नाल्याची रुंदी घंटेवरून ठरवणं चुकीचं आहे.