फाटक दीडला बंद होतं

नीटचा पेपर दुपारी दोनला, पण केंद्राचं फाटक दीडलाच बंद होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी हिशेब दीडपासून उलटा मांडायचा. परीक्षा बहुधा रविवारी, आणि मुंबईत रविवार म्हणजे मेगाब्लॉक! कल्याणहून चेंबूरला जायचं तर कुर्ल्याला हार्बर गाडी मिळेल का, हे शनिवारीच पाहावं. नसेल तर कुर्ल्याहून रिक्षा, आणि घरातून साडेनऊलाच निघणं.

प्रवेशपत्रावर फोटो आत्ताच चिकटवा, सही मात्र करू नका. ती पर्यवेक्षकांसमोर करायची असते.

आठलाच आडवं होण्यात अर्थ नाही. नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीर जागंच असतं, नुसती तळमळ होते. रोजच्याच वेळी झोपावं. पेपर दुपारी आहे, पहाटे चारचा गजर कशाला?