पट्टा आवळला, अलर्ट वाजला, पण कशामुळे?

दुपारचे सव्वातीन. एका शेअरचा भाव दोन दिवसांपासून हजार रुपयांच्या आसपास घुटमळतो आहे. चार्टवर भावाच्या वर आणि खाली धावणाऱ्या दोन रेषा इतक्या जवळ आल्या आहेत की मधली सरासरीची रेषा जेमतेम वेगळी दिसते. तेवढ्यात अलर्ट वाजतो. या स्थितीला ट्रेडर ‘स्क्वीझ’ म्हणतात.

या रेषा अमेरिकी विश्लेषक जॉन बोलिंजर यांच्या. त्यांचं गणित अवघड नाही. शेवटच्या वीस कॅन्डलच्या बंद भावांची सरासरी ही मधली रेषा. ते भाव सरासरीपासून किती विखुरले आहेत हे प्रमाण विचलन सांगतं. त्याची दुप्पट सरासरीत मिळवली की वरची रेषा आणि वजा केली की खालची. दोन्ही रेषांमधल्या अंतराला सरासरीने भागलं की पट्ट्याची रुंदी टक्क्यांत मिळते.

समजा, सरासरी १,००० रुपये आहे आणि विचलन १२ रुपये. रेषा १,०२४ आणि ९७६ वर असतील, म्हणजे रुंदी ४.८ टक्के. बाजार निवला आणि विचलन ४ वर आलं, की रेषा १,००८ आणि ९९२ वर येतात आणि रुंदी १.६ टक्के उरते. आता हा आकडा कमी म्हणायचा की नाही? एखाद्या संथ शेअरची रुंदी रोजच एवढी असू शकते, म्हणून तुलना त्याच शेअरच्या अलीकडच्या इतिहासाशी करावी लागते. मागच्या १२५ कॅन्डलमधली सर्वांत कमी रुंदी १.७ टक्के असेल, तर १.६ हा नवा नीचांक ठरतो आणि अलर्ट वाजतो.

१२५ हा आकडा आला दिवसाच्या चार्टवरून. बोलिंजर यांचा निकष सहा महिन्यांतल्या नीचांकाचा आहे आणि सहा महिन्यांत बाजाराचे साधारण तेवढेच दिवस भरतात. तोच आकडा तासाच्या चार्टवर उचलून ठेवला, की सहा महिन्यांचे जेमतेम अठरा दिवस होतात. राष्ट्रीय शेअर बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो, त्यामुळे दिवसाला तासाच्या सातच कॅन्डल पडतात. अठरा दिवसांचा नीचांक निरुपयोगी मुळीच नाही, पण अलर्ट लावणाऱ्याला आपण नेमका कसला नीचांक मोजतो आहोत हे ठाऊक हवं.

त्या सात कॅन्डलमधली शेवटची तर तासाची नसतेच. ती सव्वातीनला सुरू होते आणि पंधरा मिनिटांत संपते. तिचा बंद भाव आधीच्या कॅन्डलच्या बंद भावाला बहुधा चिकटूनच असतो. म्हणजे दिवसअखेरचा भाव वीस आकड्यांच्या हिशेबात जवळजवळ दोनदा मोजला जातो. तो भाव सरासरीजवळ असेल तर पट्टा विनाकारण अरुंद दिसतो. साडेतीनच्या ठोक्याला येणारे बरेच अलर्ट मुळात या तुकड्याचे आहेत का, हे तपासून पाहावं. बाजाराचा दिवस ३७५ मिनिटांचा असतो, त्यामुळे ७५ मिनिटांच्या पाच समान कॅन्डल बरोबर बसतात. आपल्याकडचे अनेक ट्रेडर हाच चार्ट वापरतात. तासच हवा असेल, तर तो तुकडा आधीच्या कॅन्डलमध्ये मिसळावा.

दुसरी खोच जास्त फसवी आहे. वरच्या उदाहरणातला १.६ टक्क्यांचा नीचांक साडेतीन आठवड्यांनी १२५ कॅन्डलच्या बाहेर पडतो. आता उरलेल्यांतला सर्वांत कमी आकडा समजा २.४ आहे. त्या दिवशी रुंदी २.३ वर आली तरी अलर्ट वाजेल, आणि तोही पहिल्याइतकाच ठणकावून. प्रत्यक्षात पट्टा विशेष आवळलेला नसतो, जुना आकडा यादीतून गळलेला असतो एवढंच. म्हणून अलर्टच्या संदेशात आताची रुंदी आणि ज्या नीचांकाशी तुलना झाली तो आकडा, दोन्ही असावेत. रुंदी सलग काही तास घटत राहिली तर दर तासाला नवा नीचांक होतो आणि फोन वाजतच राहतो. पहिल्या अलर्टनंतर रुंदी नीचांकाच्या सव्वापट झाल्याशिवाय पुन्हा वाजू नये, असा नियम घातला की हा त्रास थांबतो. आणि अलर्ट कॅन्डल बंद झाल्यावरच तपासावा, कारण चालू कॅन्डलचा भाव बदलला की रुंदीही बदलते.

भाव कुठे जाणार, हे रुंदीवरून कळत नाही. स्क्वीझनंतर भाव १,००८ च्या वर १,०११ पर्यंत जाऊन खरेदीदारांना ओढून घेतो आणि थोड्याच वेळात ९९२ च्याही खाली घसरतो, असं घडतं. बोलिंजर यांनी अशा हुलकावणीचा इशारा दिलेलाच आहे. साडेतीननंतर कंपनीचे तिमाही निकाल जाहीर झाले, तर दुसऱ्या दिवशी सव्वानऊला भाव थेट पट्ट्याबाहेरच उघडू शकतो. आदल्या दुपारचा अलर्ट अचूक असला, तरी ९९२ वर लावलेला स्टॉप-लॉस तेव्हा ९९२ ला सुटत नाही. बाजार ९६० ला उघडला, तर सौदा ९६० च्या आसपासच होतो.