चार पत्रं आणि मधली शांतता

सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला ‘स्मरणपत्र क्रमांक २’ हा शब्द चांगला ठाऊक असतो. संदर्भ क्रमांक, पहिल्या पत्राची तारीख आणि ‘अद्याप उत्तर अप्राप्त आहे’ हे वाक्य. कचेरीत ते चालतं, कारण समोरच्यावर उत्तर देण्याचं बंधन असतं. आपण अनोळखी माणसाला ईमेल पाठवतो तेव्हा असं कोणतंही बंधन नसतं. तरीही दुसरं पत्र लिहिताना आपला हात त्याच साच्याकडे वळतो: ‘माझा मेल पाहिलात का? उत्तराची वाट पाहत आहे.’ या दोन वाक्यांत वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काहीच नसतं. त्याने काय केलं नाही, एवढंच त्यात असतं. मागे लागल्यासारखं वाटतं ते यामुळे, पत्रांच्या संख्येमुळे नव्हे.

उत्तर न येण्याची कारणं साधारण चार असतात. पत्र नजरेस पडलं नाही. पडलं, पण ते काम त्या माणसाचं नाही. वाचलं आणि ‘नंतर बघू’ म्हणून राहून गेलं. किंवा नको आहे, पण ‘नको’ म्हणणं अवघड वाटतं. आपल्याला यातलं कोणतं खरं ते कळत नाही. म्हणून पाठपुराव्याच्या प्रत्येक पत्राने यांतल्या एखाद-दुसऱ्या कारणाला उत्तर द्यावं. असं केलं की पुढचं पत्र आधीच्या पत्राची नक्कल होत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, वेंगुर्ल्याजवळ काजूगराचा छोटा कारखाना आहे आणि पुण्यातल्या एका सुक्यामेव्याच्या दुकानाला दिवाळीसाठी माल द्यायचा आहे. दिवाळीची खरेदी दुकानदार बरीच आधी ठरवतो, म्हणून पहिलं पत्र जुलैच्या सुरुवातीला, एखाद्या मंगळवारी जातं. विषयाची ओळ: ‘दिवाळीसाठी वेंगुर्ल्याचे अख्खे काजूगर’. मजकूर एवढाच:

‘नमस्कार. आमचा वेंगुर्ल्याजवळ काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. आपल्या दुकानात कोकणी काजू वेगळा मांडलेला पाहिला, म्हणून लिहीत आहे. आमच्याकडे डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० प्रतीचे अख्खे गर आहेत. अर्धा किलोचा नमुना पाठवला तर आपण पाहाल का?’

(डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात, सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० गर बसतात. आकडा लहान, तेवढा गर मोठा. दुकानदाराला हे सांगावं लागत नाही.)

पत्र गेल्यावर आधी आपली स्वतःची पेटी तपासावी. पत्ताच चुकीचा असेल तर बहुधा काही मिनिटांत ‘Mail Delivery Subsystem’ या नावाने परतीचा मेल येतो आणि त्यात ‘550 5.1.1’ असा आकडा दिसतो. म्हणजे त्या पत्त्यावर कोणी नाही. अशा पत्त्यावर पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही, दुकानात फोन करून योग्य पत्ता विचारावा. याउलट ‘मेल उघडला’ असं सांगणाऱ्या सोयींवर विसंबू नये. मेलमध्ये दडवलेलं एक अदृश्य चित्र उघडलं की ती सोय नोंद करते. पण २०२१ पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप, वापरणाऱ्याने गोपनीयतेची सोय चालू ठेवली असेल तर, अशी चित्रं स्वतःच आधी उतरवून घेतं. माणसाने पत्र पाहिलेलंही नसतं. आणि ‘आपण माझा मेल तीनदा उघडलात’ असं कोणाला लिहिणं म्हणजे त्याच्या खिडकीतून आत डोकावणं आहे. ते करूच नये.

दुसरं पत्र पुढच्या सोमवारी. मधे कामाचे चार दिवस गेलेले असतात. ते नव्याने न लिहिता पाठवलेल्या मेललाच ‘Reply’ करून लिहावं, विषयाची ओळ बदलू नये. मग पहिला मजकूर खाली आपोआप राहतो आणि ‘मी आधी लिहिलं होतं’ हे सांगावंच लागत नाही. ओळ बदलली तर जीमेल ते वेगळं संभाषण धरतं. हे पत्र पहिल्या दोन कारणांसाठी:

‘नमस्कार. नमुन्याबद्दल खाली लिहिलं आहे. काजूची खरेदी आपण स्वतः पाहता की दुसरं कोणी? नाव कळवलंत तर त्यांनाच लिहीन.’

याचं उत्तर एका नावात देता येतं, आणि ज्याचं हे काम नाही त्याची सुटकाही होते. माझ्या मते चारांतलं हेच पत्र सर्वांत महत्त्वाचं, आणि लोक तेच सर्वांत निष्काळजीपणे लिहितात.

तिसरं पत्र आणखी नऊ-दहा दिवसांनी. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा पाहण्यासारखं काहीतरी नवं हवं आणि ते खरं हवं. ‘शेवटचे काही किलो उरले’ अशी खोटी घाई एकदा उघडी पडली की पुढच्या दराच्या पत्रावरही विश्वास राहत नाही. कारखान्याकडे सांगण्यासारखं खूप असतं: ‘या आठवड्याच्या मालाची तपासणी झाली, ओलावा ५ टक्क्यांच्या आत आहे. अहवाल आणि दरपत्रक जोडलं आहे. पाकळी आणि तुकडाही मिळेल, मिठाईसाठी लागत असेल तर.’ दुकानदाराला अख्खा गर नको असेल, पाकळी हवी असेल, हे पहिल्या पत्रात आपल्या लक्षातही आलेलं नसतं. सांगण्यासारखं नवं काही नसेल, तर ते मिळेपर्यंत हे पत्र थांबवावं.

चौथं पत्र आणखी तीन आठवड्यांनी. अंतर दर वेळी वाढतं, कारण घाई दिसते ती पत्रं जवळजवळ आली की. हे पत्र ‘नको’ म्हणणं सोपं करतं:

‘नमस्कार. या दिवाळीची खरेदी ठरली असेल, तर फक्त “नको” असं कळवलंत तरी चालेल. यंदा याविषयी मी पुन्हा लिहिणार नाही. नवा हंगाम सुरू होताना दर पाठवू का?’

‘पुन्हा लिहिणार नाही’ असं लिहिलं तर ते पाळावंच लागतं. रुसल्याचा सूरही नको. ‘आपल्याला रस दिसत नाही’ हे वाक्य चौथ्या पत्रात हमखास येतं, आणि मागची तीनही पत्रं वाया घालवतं.

ही पत्रं आपोआप पाठवणारी साधनं मिळतात. त्यांत मोठा धोका असा की माणसाने उत्तर दिलं, पण दुसऱ्या पत्त्यावरून किंवा फोनवर, तर यंत्राला ते कळत नाही आणि ‘आठवण’ जातच राहते. वीस-तीस दुकानं असतील तर साधा तक्ता पुरतो: नाव, चार तारखा, काय उत्तर आलं. ‘मी रजेवर आहे’ असा आपोआप मेल आला तर पुढची तारीख त्यांच्या परतण्यानंतर दोन दिवसांची करावी. उत्तर आलं नाही म्हणून त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ नये, तिथे दार बंद करणं समोरच्याला आणखी अवघड जातं.

चारांनंतर पाचवं पाठवायचा मोह होतो. चिडलेला माणूस उत्तर देत नाही, तो ‘Report spam’ दाबतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने रोज ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे हजारात तीनहून कमी. छोट्या कारखान्याची गणती त्या मोठ्या पाठवणाऱ्यांत होत नाही. पण तो फक्त तीस पत्रं पाठवतो, तेव्हा एकच तक्रारही शेकडा तीनहून जास्त होते, आणि त्यानंतर त्याच्या पत्त्यावरून गेलेलं बिलसुद्धा नको असलेल्या मेलच्या पेटीत पडू शकतं.

चौथं पत्र गेलं की तक्त्यात त्या दुकानापुढे पुढच्या वर्षीच्या मार्चची तारीख लिहा, तेव्हा कोकणात नवी काजूबी यायला लागलेली असते. दुकानदाराने ‘नको’ कळवलं असेल तर ती तारीख खोडून टाका.