उशिरा आलेली दुरुस्ती

७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉ. झाक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथल्या रुग्णाचं पित्ताशय यंत्रमानवाच्या हातांनी काढलं. हात हलवल्यापासून त्याचं चित्र पडद्यावर दिसेपर्यंत सरासरी १५५ मिलिसेकंद जात होते. त्यासाठी फायबरची खास लाइन राखून ठेवली होती. वेग हवा होताच, पण विलंब सतत बदलू नये हेही तितकंच महत्त्वाचं होतं.

विलंबामुळे नेमकं काय बिघडतं, ते एका साध्या यंत्रहातावर पाहू. हात ठरलेल्या जागेपासून जितके अंश दूर, त्याच्या पाचपट अंश प्रतिसेकंद वेगाने त्याला परत आणायचं, असा हुकूम दूरचा कंट्रोलर देतो. या पाचपटीला गेन म्हणतात. हात जागेवर पोचला तरी कंट्रोलरपुढे जुनीच बातमी असते, म्हणून तो ढकलत राहतो. हात पुढे जातो. ते कळून उलटा हुकूम येईपर्यंत तो आणखी पुढे गेलेला असतो. गणित सांगतं, की गेन आणि एकूण विलंब (सेकंदांत) यांचा गुणाकार १.५७ च्या खाली हवा. इथे मर्यादा साधारण ३१४ मिलिसेकंद. त्यापलीकडे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

आता समजा, विलंब १०० मिलिसेकंदच आहे आणि दर ५० मिलिसेकंदांनी एक पॅकेट निघतं. एखादं हरवलं तर मोटर जुनाच हुकूम पाळते. ओळीने चार हरवली, तर पाचवं येण्याच्या क्षणी त्या हुकुमामागची बातमी ३५० मिलिसेकंद जुनी झालेली असते. असं एकदाच घडलं तर हात सावरतो, वारंवार घडलं तर सावरायला वेळच उरत नाही. वाय-फायवर पॅकेटं बहुधा अशी सलगच हरवतात, म्हणून 'एक टक्का गळती' या आकड्यावर मी भरवसा ठेवणार नाही. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवण्यातही अर्थ नसतो. ते येईपर्यंत शिळं होतं, नवं पॅकेट त्याहून कामाचं.

दोष ओळखायची एक खूण आहे. अशा हाताच्या झोक्याचा काळ विलंबाच्या सुमारे चौपट भरला, तर संशय मोटरवर नव्हे, नेटवर्कवर घ्यावा.

गेन निम्मा केला की मर्यादा दुप्पट होते, पण हात मंदावतो. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक पॅकेटवर वेळेचा शिक्का मारून लवकर आलेल्यांना थोडं थांबवायचं. विलंब वाढतो, पण एकसारखा राहतो आणि त्याचा हिशेब धरता येतो. माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मोटरचा वेगवान कंट्रोलर यंत्रापाशीच ठेवणं. मग नेटवर्कवरून फक्त 'इथे जा' एवढंच येतं. नेटवर्क तुटलं तर हात आहे तिथेच थांबतो.

दूरनियंत्रित यंत्र विकत घेताना सरासरी विलंब विचारू नका. सर्वांत वाईट विलंब किती आणि ओळीने किती पॅकेटं हरवली तरी यंत्र सावरतं, हे विचारा.