दुधातलं न कळणाऱ्याने दूध केंद्र कसं तपासावं?

‘दूध खरेदीची कागदपत्रं तपासावीत. रजिस्टर व्यवस्थित ठेवलं आहे का ते पाहावं. आवश्यक तिथे शेरे द्यावेत.’ ऑडिटच्या फायलींमध्ये अशा ओळी हमखास सापडतात. यातलं ‘दूध’ काढून ‘खत’ किंवा ‘सिमेंट’ घातलं तरी काही बिघडत नाही, आणि हाच त्यांचा दोष आहे. नेमकं काय पाहायचं, किती पाहायचं आणि काय दिसलं तर थांबायचं, हे त्या ओळी सांगत नाहीत. लिहिणाऱ्याला विषय माहीत नव्हता, म्हणून कुठल्याही विषयाला चालेल असं काहीतरी त्याने लिहून ठेवलं.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी लेखापरीक्षक तपासणीच्या पायऱ्या लिहून काढतो. त्याला ऑडिट प्रोग्रॅम म्हणतात. अंतर्गत लेखापरीक्षणाचे नवे जागतिक मानदंड जानेवारी 2025 पासून लागू झाले. त्यांनुसार हा कार्यक्रम लेखी हवा, काम सुरू होण्याआधी वरिष्ठाने तो मंजूर केलेला हवा, आणि मध्येच तो बदलला तर त्या बदलालाही मंजुरी हवी. आयुष्यभर बँकांची तपासणी केलेल्या माणसाकडे उद्या गावातलं दूध संकलन केंद्र आलं, तर हा कार्यक्रम त्याने कसा लिहायचा? एक काल्पनिक केंद्र घेऊ. 180 उत्पादक सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला 1,400 लिटर गायीचं दूध घालतात, संघाचा टँकर ते घेऊन जातो आणि उत्पादकांना दर 10 दिवसांनी बिल मिळतं.

पहिलं काम कार्यक्रम लिहिण्याचं नाहीच. सकाळच्या संकलनाला केंद्रावर उभं राहायचं आणि एका कॅनमागे शेवटपर्यंत जायचं. उत्पादक खाते क्रमांक सांगतो. नमुन्याचं चमचाभर दूध यंत्रात जातं आणि फॅट, एसएनएफ पडद्यावर येतं. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. मग काट्यावर माप होतं, संगणक दरपत्रकातून दर उचलतो, पावती निघते, दूध कूलरमध्ये पडतं. प्रत्येक टप्प्यावर तीनच प्रश्न विचारायचे: हा आकडा कुठून आला, तो कोणाला बदलता येतो, आणि बदलला तर फायदा कोणाचा? दुधातलं काही न कळणाऱ्यालाही हे विचारता येतं. उलट, जाणकार ज्या गोष्टी गृहीत धरून पुढे जातो तिथे नवखा अडतो, आणि त्या अडण्याचा उपयोग होतो.

आता उद्देश. ‘केंद्राच्या कामकाजाची तपासणी करणे’ हा उद्देश नव्हे, कारण त्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. त्याऐवजी असं लिहावं: उत्पादकाने घातलेल्या सगळ्या दुधाचे, त्याच्या खऱ्या प्रतीनुसार, ठरलेल्या दराने पैसे त्याच उत्पादकाला मिळतात का? या एका वाक्यात माप, प्रत, दर आणि माणूस असे चार सांधे आहेत. वाक्य जिथे सांध्यांवर मोडतं, तिथेच जोखीम असते.

जोखीम लिहिताना नवखा माणूस ‘नियंत्रण अपुरं असू शकतं’ असं लिहून मोकळा होतो. अशा वाक्यातून एकही तपासणी जन्माला येत नाही. कशामुळे, काय घडतं आणि नुकसान कोणाचं, हे तिन्ही वाक्यात आलं पाहिजे. मापाच्या सांध्याबद्दल असं लिहिता येईल: ‘काटा 100 मिलीपर्यंतच आकडा दाखवतो आणि वरचं दूध सोडून देतो, त्यामुळे प्रत्येक मापाला उत्पादकाचं थोडं दूध बिनपैशाचं जातं.’ हे वाक्य लिहिताच हिशोबही मांडता येतो. प्रत्येक मापाला सरासरी 50 मिली, दिवसाला 360 मापं, म्हणजे रोज 18 लिटर. लिटरला 32 रुपये धरले तर वर्षाला दोन लाखांच्या वर रक्कम जाते. ही जोखीम यादीत वर ठेवायची की खाली, हे आता अंदाजाने ठरवावं लागत नाही.

तपासणीची पायरी या वाक्यातूनच निघते, पण त्यासाठी एक धंद्याची गोष्ट माहीत हवी. काटा मोजतो किलो आणि दाखवतो लिटर. दूध पाण्यापेक्षा जड असतं, एक लिटर साधारण 1.03 किलो भरतं. हा भागाकार काट्यातल्या सेटिंगवर चालतो. म्हणून पायरी अशी लिहायची: संकलन सुरू होण्याआधी, आगाऊ न कळवता, प्रमाणित वजनं वापरून काट्यावर 10.3 किलो ठेवा. 10 लिटर दिसलं पाहिजे. मग 4.12 किलो ठेवा, 4.0 लिटर दिसेल. त्यावर 80 ग्रॅम वाढवा. जवळच्या आकड्याला जाणारा काटा 4.1 दाखवेल, तोडून टाकणारा 4.0 वरच राहील. पहिल्या प्रकारात कमी-जास्त होऊन शेवटी बरोबरी होते. दुसऱ्यात दर वेळी उत्पादकच हरतो. इतकं नेमकं लिहिलं की काल रुजू झालेला सहायकही ती पायरी करू शकतो, आणि दोघांनी केली तरी निष्कर्ष एकच येतो.

काटा तोडतो हे कळलं, तर वाचलेले ते 18 लिटर गेले कुठे? इथे बँकेचा अनुभव फसवू शकतो. बँकवाला लगेच आवक-जावक जुळवायला घेईल: खरेदी 1,400, टँकरच्या पावतीवर 1,442, म्हणजे 42 ची वाढ! प्रत्यक्षात पहिला आकडा लिटरचा आहे, दुसरा किलोचा, आणि 1,400 लिटर म्हणजेच 1,442 किलो. ज्याला एकक कळलं नाही तो इथे खोटा आक्षेप लिहून बसेल. किंवा खऱ्या आक्षेपाला ‘एककाचा फरक असेल’ म्हणून सोडून देईल. कार्यक्रमात जुळवणीच्या पायरीच्या आधी ‘दोन्ही बाजू किलोमध्ये आणा’ हे लिहिलेलंच हवं.

पण जुळवणी तंतोतंत लागली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. वाचलेलं दूध कोणाच्या तरी खात्यावर चढवलं तर खरेदीच 1,418 लिटर दिसेल आणि टँकरशी जुळेल. म्हणजे हा चौथ्या सांध्याचा, माणसाचा प्रश्न आहे: ‘वाचलेलं दूध गाय नसलेल्या खात्यावर दाखवलं जातं आणि बिल केंद्रातल्याच कोणाकडे जातं.’ याला बेरजा उपयोगाच्या नाहीत, आणि वीस-पंचवीस खाती निवडून पाहणंही पुरेसं नाही, कारण असं खातं एखादंच असतं. इथे वर्षभरातल्या सगळ्या खात्यांची नोंद संगणकावर घ्यायची आणि चाळायची. खऱ्या गायीच्या दुधाला चढ-उतार असतो. व्याल्यावर वाढतं, पुढे उतरतं, पुन्हा विण्याआधी सुमारे दोन महिने आटतं. वर्षभर एकाच पातळीवर राहणारं, नेहमी संकलन संपता संपता नोंदलं जाणारं, आणि दुसऱ्या खात्याच्याच बँक खात्यात पैसे जाणारं नाव बाजूला काढायचं. मग समितीतल्या एखाद्या सदस्याला बरोबर घेऊन गोठा पाहायचा. तिथे निर्दोष कारणही निघू शकतं. घरात चार-पाच गायी असतील तर एकीची घट दुसरी भरून काढते. म्हणून पायरीत ‘आक्षेप नोंदवा’ असं न लिहिता ‘खुलासा घ्या आणि गोठ्याची खात्री करा’ असं लिहायचं.

सगळ्यात अवघड सांधा प्रतीचा, कारण फॅट डोळ्यांना दिसत नाही. यंत्राच्या सेटिंगमध्ये थोडी फेरफार केली की प्रत्येकाचं फॅट खाली उतरतं, आणि कागदावर काहीच चुकलेलं दिसत नाही. इथे टक्केवारी सोडून किलोकडे वळावं लागतं. प्रत्येक मापाचे किलो गुणिले त्याचं फॅट, अशी बेरीज केली की केंद्राने एकूण किती किलो फॅट विकत घेतलं ते कळतं. सकाळ आणि संध्याकाळच्या टक्केवारीची साधी सरासरी इथे चालत नाही, कारण दोन्ही वेळचं दूध सारखं नसतं.

समजा 1,442 किलो दूध 3.7 फॅटने घेतलं: सुमारे 53.4 किलो फॅट. टँकरला वजन तेवढंच, पण फॅट 3.9: सुमारे 56.2 किलो. वजन न वाढता फॅट जवळपास 3 किलोंनी वाढलं. दुधात फॅट आपोआप तयार होत नाही, म्हणजे उत्पादकांना कमी लागत असावं. उलट, टँकरला 1,472 किलो आणि फॅट 3.63 असेल तर फॅट 53.4 किलोच राहतं आणि फक्त वजन वाढतं. इथे संशय खरेदीनंतर घातलेल्या पाण्याचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कुठल्या बाजूला चौकशी वळवायची ते कळतं.

या पायरीची मर्यादाही कार्यक्रमात लिहायची. दोन यंत्रांत पॉइंट एकचा फरक सहज पडतो, म्हणून एका दिवसाच्या फरकावरून काही ठरवायचं नाही. 10 दिवसांचं पूर्ण बिल घ्यायचं. फरक रोज त्याच दिशेला असेल तर पुढची पायरी: संकलन चालू असताना काही कॅनमधलं दूध नीट ढवळून नमुन्याचे दोन भाग करायचे, एक केंद्राच्या यंत्राला द्यायचा आणि दुसरा, उत्पादकाचं नाव न लिहिता, बर्फात घालून जर्बर पद्धतीने तपासणीसाठी पाठवायचा. जर्बरमध्ये गंधकाम्लाने बाकीचं दूध विरघळवून फॅट वेगळं काढून मोजतात, त्यामुळे यंत्राच्या सेटिंगचा तिथे प्रभाव नसतो. नमुना ढवळला नाही तर वर आलेली साय निकाल बिघडवते, म्हणून ‘ढवळून’ हा शब्दही पायरीत लिहिलेला हवा.

दराचा सांधा त्या मानाने सोपा. दरपत्रक कुठल्या तारखेपासून लागू झालं ते संघाच्या पत्रावरून पाहायचं आणि एका बिलाच्या सगळ्या मापांचा दर संगणकावर पुन्हा काढायचा.

लिहून झाल्यावर कार्यक्रम खालून वर वाचावा. प्रत्येक पायरीवर बोट ठेवून विचारायचं, ही कुठल्या जोखमीसाठी? सवयीने आलेलं ‘रोख शिल्लक मोजा’ इथे कुठल्याच सांध्याला लागत नाही, कारण बिलं बँकेतून जातात. ती पायरी खोडायची. नंतर वरून खाली यायचं. एकही पायरी नसलेली जोखीम राहिली असेल, तर पायरी तरी लिहायची, नाहीतर ती का सोडली ते लिहायचं. या केंद्रात पशुखाद्याची विक्री आणि उत्पादकांच्या उचली तपासलेल्या नाहीत, असं पहिल्याच पानावर नोंदलेलं असावं. अहवाल वाचणाऱ्याला त्यावरून कळतं की ‘दुधाचा हिशोब बरोबर आढळला’ या वाक्यात काय धरलं आहे आणि काय नाही.