कंडिशनरने न्हाणं: गोवंडीच्या हवेत कुरळ्या केसांची निगा

कुरळ्या केसाची अडचण त्याच्या आकारातच आहे. डोक्याच्या कातडीतून झिरपणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, पण वळणावळणाच्या केसावरून ते टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून एकाच डोक्यावर मुळाशी तेलकटपणा आणि टोकाला कोरडेपणा असतो. रोजच्या शाम्पूने मुळाचा तेलकटपणा जातो, मात्र टोकाला उरलेलं थोडं तेलही त्याबरोबर निघून जातं. चेंबूर आणि मानखुर्दच्या मधल्या गोवंडीत घामाचे दिवस पुष्कळ असतात आणि देवनारच्या कचराभूमीमुळे हवेत धूळ-धूरही असतो. इथे कमी धुऊन भागत नाही आणि जास्त धुतलं तर टोकं राठ होतात. कंडिशनरने केस धुण्याची पद्धत, म्हणजे को-वॉश, या पेचातून वाट काढते. तिला मर्यादाही आहेत, आणि त्या नीट ठाऊक असल्या तरच ती उपयोगी पडते.

ही पद्धत लोकप्रिय केली लॉरेन मॅसी यांच्या ‘कर्ली गर्ल’ या २००१ सालच्या पुस्तकाने. त्याआधीही अनेक घरांत केस शाम्पूशिवाय धुतले जात. आपल्याकडच्या शिकेकाई-रिठ्याच्या न्हाण्यात फेस करणारी सॅपोनिनं असतात. कंडिशनरचं काम त्याहून वेगळ्या तऱ्हेने चालतं. त्यात पाणी, सिटिल किंवा सिटेअरिल अल्कोहोलसारखी मेदाची अल्कोहोलं आणि धनभार असलेला एक पदार्थ असतो, बहुधा बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा मेथोसल्फेट. ओल्या केसाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, त्यामुळे हा पदार्थ त्याला चिकटतो आणि केस मऊ होतो. शिवाय हे मिश्रण थोडं तेल आणि मळ आपल्यात मिसळून घेतं. उरलेलं काम बोटांच्या घासण्याने होतं, म्हणून को-वॉशमध्ये चोळण्याला शाम्पूपेक्षा जास्त महत्त्व आहे. नाव ‘अल्कोहोल’ असलं तरी ही अल्कोहोलं मेणासारखी मऊ असतात, त्यांना घाबरू नये. केस कोरडा करतात ती पातळ, पटकन उडून जाणारी अल्कोहोलं, आणि ती लेबलवर ‘अल्कोहोल डिनॅट’ किंवा ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल’ या नावांनी दिसतात.

खरी निवड केसाच्या सच्छिद्रतेवरून होते. केसाचं बाहेरचं आवरण कौलारू छपरासारखं असतं, एकावर एक चढवलेले खवले. कौलं घट्ट बसलेली असली तर पाणी आत शिरायला वेळ लागतो. ती उचकटली, तुटली की पाणी झटकन आत जातं आणि तितक्याच झटकन बाहेरही पडतं. रंग, ब्लीच, केमिकल स्ट्रेटनिंग, तापलेली इस्त्री आणि ऊन या सगळ्यांनी कौलं उचकटतात. जन्मतःच घट्ट किंवा सैल आवरण असलेले केसही असतात.

सच्छिद्रता ओळखायला पेल्यातल्या पाण्यात केस टाकून तरंगतो की बुडतो हे पाहण्याची रीत सगळीकडे सांगितली जाते. ती फसवी आहे. केसाची घनता पाण्यापेक्षा सुमारे १.३ पट असते, म्हणजे पूर्ण भिजल्यावर कोणताही केस बुडणारच. तो वर राहतो तो पाण्याच्या पृष्ठताणामुळे आणि केसावरच्या तेलामुळे. त्यापेक्षा न्हाताना लक्ष द्यावं. मगभर पाणी डोक्यावर ओतल्यावर थेंब केसांवरून निथळत राहतात का लगेच आत मुरतात? धुतल्यावर केस वाळायला अख्खी दुपार लागते का तासा-दीडतासात टोकं कोरडी पडतात? न्हाल्यावर लावलेलं क्रीम वर पांढरट थरासारखं राहतं का बघता बघता नाहीसं होतं? या तिन्हींची उत्तरं एकाच दिशेला गेली तर सच्छिद्रता बऱ्यापैकी कळते.

तेलाचं काम नेमकं काय, याचं उत्तर मुंबईतच शोधलं गेलं आहे. मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर तेल लावून केसातून किती प्रथिन निघून जातं हे त्यांनी मोजलं. तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने ही हानी लक्षणीय कमी केली, अखंड केसांत आणि इजा झालेल्या केसांतही. खोबरेलातलं मुख्य आम्ल लॉरिक आहे. त्याचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. सूर्यफुलाचे रेणू जागा जास्त घेतात आणि खनिज तेलाला प्रथिनाशी आपुलकी नाही. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचं आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पण धुण्याआधी थोडं खोबरेल लावण्याला त्यातून आधार मिळतो.

आता एक डोकं धरू. कुरळे केस खांद्याखाली, साधारण ४० सेंटिमीटर, आणि दोन वर्षांपूर्वी सरळ करून घेतलेले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वरचे २४ सेंटिमीटर नवे आहेत आणि खालचे १६ स्ट्रेटनिंगमधून गेलेले. मुळाकडे पाणी निथळतं, टोकाकडे मुरतं. एका डोक्यावर दोन प्रकारचे केस असतील तर सगळ्या केसांना एकच क्रीम लावल्याने वरचा भाग चिकट होतो आणि खालचा कोरडाच राहतो. म्हणून क्रीम विकत घेताना आणि वापरताना टोकांचा विचार आधी करावा.

क्रीमच्या दोन डब्या समोर ठेवू. पहिल्या यादीत क्रमाने पाणी, शिया बटर, ग्लिसरिन, एरंडेल, सिटिल अल्कोहोल, फिनॉक्सीएथेनॉल, अर्गन तेल आणि सुगंध आहेत. दुसऱ्या यादीत पाणी, सिटेअरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट, हायड्रोलाइज्ड गव्हाचं प्रथिन, पॉलिक्वाटर्नियम-११, ग्लिसरिन, फिनॉक्सीएथेनॉल आणि सुगंध. इथे भारतातला नियम मदतीला येतो. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, एक टक्का आणि त्याखालचे मागाहून कोणत्याही क्रमाने. फिनॉक्सीएथेनॉल हा परिरक्षक जास्तीत जास्त एक टक्का घालता येतो. म्हणून त्याच्या नंतर लिहिलेलं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी आहे असं धरायला हरकत नाही. पहिल्या डबीवर मोठ्या अक्षरात ‘अर्गन’ असलं तरी केसाला भेटणार ते शिया बटर आणि एरंडेल.

आपल्या उदाहरणातल्या डोक्याला दुसरी डबी बरी. प्रथिनाचे तुकडे उचकटलेल्या जागी तात्पुरते बसतात आणि पॉलिक्वाटर्नियम केसावर पातळ पडदा धरतं. पहिली डबी जड आहे. घट्ट आवरणाच्या केसावर ती तेलकट थर करेल, टोकांवर मात्र चालू शकेल. प्रथिनाचाही अतिरेक बरा नाही. काही आठवड्यांत केस कडक झाले, लवचीकपणा जाऊन तुटू लागले, तर प्रथिनाचं क्रीम थांबवून साधं वापरावं. ग्लिसरिनचा हिशेब ऋतूनुसार बदलतो. ते हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट असते की ग्लिसरिन यादीत वर असलेलं क्रीम केस फुगवतं. त्या महिन्यांत ते यादीत खाली असलेलं किंवा नसलेलं क्रीम घ्यावं, आणि वर जवसाचा जेल लावला तर हवेतली ओल केसांत शिरणं कमी होतं.

कृती अशी. आधी पुष्कळ पाण्याने केस पूर्ण भिजवावे. दोन-तीन मोठे चमचे को-वॉश घेऊन बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, डोक्याची कातडी तीन ते पाच मिनिटं चोळावी, मग खाली केसभर पसरावं. कंडिशनर केसांत असतानाच मोठ्या दातांच्या फणीने गुंता सोडवावा. बादलीने न्हाणाऱ्यांनी स्वच्छ धुण्यासाठी पाणी राखून ठेवावं, कारण मुळाशी राहिलेला कंडिशनर खाज आणतो. मग निथळत्या केसांना एक-दोन छोटे चमचे क्रीम, आधी टोकांना, उरलेलं वर. तळहातात केस घेऊन मुठीत दाबत टाळूकडे उचलावे आणि पंच्याने किंवा जुन्या सुती टी-शर्टने टिपावे. खरखरीत टॉवेलने घासू नये.

को-वॉश सगळ्यांना मानवतो असं नाही. कोंड्यामागच्या मॅलासेझिया या बुरशीला कातडीवरचं तेल लागतं, आणि को-वॉश सगळं तेल काढत नाही. म्हणून कोंडा, खाज, लाल चट्टे असलेल्यांनी कोंड्याचा औषधी शाम्पू आणि त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. क्रीममध्ये डायमेथिकोनसारखं पाण्यात न विरघळणारं सिलिकॉन असेल तर को-वॉशने ते पुरतं निघत नाही आणि काही आठवड्यांत केस निस्तेज, जड, न भिजणारे होतात. टँकर किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यातले क्षारही असाच थर देतात. दोन्हींवर उपाय म्हणजे ठरावीक अंतराने साधा शाम्पू. जड पाण्यासाठी त्यात डायसोडियम ईडीटीए असल्यास उत्तम. गोवंडीच्या धुळीत हे अंतर आठवड्याहून फार वाढवू नये. आणि केस भरपूर गळू लागले तर पद्धत लगेच थांबवावी. २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेन या को-वॉशबद्दल इशारा दिला. प्रशासनाकडे १२७ तक्रारी होत्या आणि कंपनीकडे २१ हजारांहून अधिक. कारण निश्चित झालं नाही, पण कंडिशनर म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत त्याने मोडली.

यादी वाचायला शिकवणाऱ्या या सगळ्या मजकुरात एक मोठी फट आहे. भारतीय नियमांत ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव पुडीवर आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान घट्ट पदार्थाच्या पाकिटावर घटकांची यादी छापण्याचं बंधन नाही. गोवंडीतल्या शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या किराणा दुकानांत शाम्पू आणि कंडिशनर बहुतेक जण पुडीतच घेतात, कारण महिन्याच्या बाटलीचे पैसे एकदम देता येत नाहीत. म्हणजे ज्याची निवड यादीवर अवलंबून आहे, त्यालाच यादी न मिळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. काही कंपन्या पुडीवरही घटक छापतात, त्यामुळे जागा नाही हे कारण टिकत नाही. नियम बदलेपर्यंत, पुडीवर यादी नसेल तर त्याच उत्पादनाची मोठी बाटली दुकानात पाहावी आणि पहिले पाच घटक तिथूनच उतरून घ्यावे. पुडी आणि बाटलीचा माल एकच आहे, याची खात्री मात्र कंपनीनेच छापून द्यायला हवी.